आईच्या फोनवर यूपीआय: मर्यादा नेमकी कुठे घालावी

वृद्ध आई-वडिलांच्या फोनवर पैसे देण्याचे अ‍ॅप सुरू करून देताना घरातली माणसे बहुतेक वेळा अ‍ॅपपासूनच सुरुवात करतात. अ‍ॅप घेतात, बँकेचे खाते जोडतात, पिन ठरवून देतात आणि “हा नंबर कुणाला सांगायचा नाही” असे बजावून आपल्या गावी निघून जातात. सुरुवात खरे तर खात्यापासून करावी लागते. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये सुरू केलेली यूपीआय ही व्यवस्था म्हणजे वेगळे पाकीट नव्हे. तो थेट बचत खात्याला बसवलेला नळ आहे. नळाखाली वाटी धरली म्हणून टाकीतले पाणी वाटीएवढे होत नाही. ज्या खात्यात पेन्शन येते, ज्याला मुदत ठेवी जोडलेल्या आहेत, तेच खाते अ‍ॅपला जोडले, तर आयुष्यभराची पुंजी एका चार किंवा सहा आकडी पिनच्या पलीकडे येऊन उभी राहते.

यूपीआयवर सर्वसाधारणपणे दिवसाला एक लाख रुपयांची मर्यादा असते. नोकरदार माणसाला ती पुरेशी वाटेल, पण महिन्याला तीस-पस्तीस हजार पेन्शन असणाऱ्या बाईंसाठी एक लाख म्हणजे तीन महिन्यांचे जगणे. म्हणून मुले अ‍ॅपमध्ये किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ही मर्यादा कमी करतात. तसे करण्यात चूक काही नाही, फक्त तेवढ्यावर विसंबून राहू नये. फसवणारा माणूस अ‍ॅपचे कुलूप तोडत नाही. तो फोनवर बोलत राहतो, घाबरवतो, घाई करतो आणि कुलूप आजींच्याच हातून उघडून घेतो. आजींच्या फोनवर घातलेली मर्यादा आजींच्याच बोटाने वाढवता येते, आणि पलीकडचा माणूस कुठले बटण दाबायचे ते सांगायला तयारच असतो. तेव्हा कोणतीही मर्यादा घालताना एकच प्रश्न विचारावा: घाबरलेली आई फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून ही मर्यादा मोडू शकेल का? मोडू शकणार नसेल, तरच ती मर्यादा. खात्यात मुळात किती पैसे आहेत, ही अशी पहिली मर्यादा. दुसऱ्या माणसाने दुसऱ्या फोनवरून दिलेली मंजुरी ही दुसरी. आणि शाखेत जाऊन सही केल्याशिवाय बदलत नाही ती तिसरी.

खर्चाचे वेगळे खाते

साताऱ्यात एकट्या राहणाऱ्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. पेन्शन चौतीस हजार, त्याच बँकेत नऊ लाखांच्या ठेवी, मुलगा पुण्यात, भाची दोन गल्ल्या पलीकडे. अ‍ॅपवरून त्यांना काय काय द्यायचे आहे, हे आधी कागदावर मांडावे. किराणा साडेचार हजार, औषधे तीन हजार, वीज, गॅस आणि मोबाईल मिळून सोळाशे, भाजी आणि रिक्षाचे नऊशे. बेरीज दहा हजार. दूधवाला, पेपरवाला आणि कामाच्या बाई यांना त्या नोटाच देतात, आणि ते तसेच चालू राहू द्यावे. सगळे व्यवहार फोनवर आणण्याची काही गरज नसते.

हे दहा हजार ज्या खात्यातून जातील ते खाते पेन्शनच्या खात्यापेक्षा वेगळे असावे, आणि शक्य असेल तर वेगळ्या बँकेत असावे. वेगळी बँक का, याला कारण आहे. यूपीआयचे अ‍ॅप मोबाईल नंबरवरून खाते शोधते. एकाच बँकेत एकाच नंबरावर दोन खाती असली की बँक निवडल्याबरोबर दोन्ही खाती पडद्यावर येतात, आणि चुकून किंवा कुणाच्या सांगण्यावरून पेन्शनचे खाते जोडायला एक बोट पुरते. घराजवळची शाखा, किमान शिलकीची अट नसलेले साधे बचत खाते आणि एक डेबिट कार्ड, इतके पुरते. पेन्शन जमा झाली की पाच तारखेला दहा हजार रुपये आपोआप या खात्यात यावेत, अशी सूचना पेन्शनच्या बँकेत अर्ज भरून द्यावी. बँकेच्या भाषेत याला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणतात. महिना संपत आला की खात्यात दोन-अडीच हजार उरलेले असतात, आणि सर्वांत वाईट दिवशीसुद्धा जाऊ शकतात ते फक्त तेवढेच.

खाते उघडताना शाखेत दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. पहिली ऑटो स्वीपची. या सोयीत खात्यातली शिल्लक संपली की जोडलेली मुदत ठेव आपोआप मोडून पैसे खात्यात येतात. चेक वटण्यासाठी ती उपयोगाची असेल, पण यूपीआयच्या खात्याला ती लावली तर दहा हजारांची भिंत कागदावरच राहते. फसवणाऱ्याला ठेव मोडायला सांगावेसुद्धा लागत नाही. दुसरी गोष्ट उधारीची. आता रुपे क्रेडिट कार्ड आणि बँकेने आधीच मंजूर केलेले कर्जही यूपीआयला जोडता येते, आणि अ‍ॅप ते जोडण्याची आठवण वारंवार करून देते. आईच्या अ‍ॅपला यातले काहीही जोडू नये. स्वतःचे पैसे गेल्याचे दुःख एकदाच होते, उधारीचे पैसे गेले की मागून व्याजही येते.

आता उरले पेन्शनचे खाते. तिथल्या मोबाईल नंबरावर अ‍ॅपने ते शोधले तर सापडेलच. यूपीआयचा पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते, पण आधारवरून ओटीपी घेऊनही पिन ठरवता येतो. म्हणजे कार्ड कपाटात ठेवल्याने दार पुरते बंद होत नाही. काही बँकांत त्या खात्यापुरती यूपीआयची सोय बंद ठेवता येते. शाखेत ते विचारावे, आणि होत असेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पेन्शनच्या खात्याचे एसएमएस आईच्याच नंबरावर यावेत, कारण पैसे तिचे आहेत. मुलाला माहिती हवी असेल तर ईमेलच्या सूचनांसाठी त्याचा पत्ता आईच्या संमतीने देता येतो.

खर्चाच्या खात्यावर मुलाचे नाव लावावे का, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. “दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला” अशा पद्धतीच्या संयुक्त खात्यात दोघांनाही व्यवहार करता येतात. आजारपणात त्याचा मोठा आधार होतो. पण त्याचा अर्थ मुलगा एकट्याने सगळे पैसे काढू शकतो असाही आहे. दहा हजारांच्या खात्यापुरता हा धोका लहान आहे, ठेवींच्या खात्यापुरता तो मोठा आहे. ते ठरवणे आईचे काम आहे, आणि तिने ते शाखेतल्या घाईत न ठरवता घरी शांतपणे ठरवावे.

फोन आणि पिन

अ‍ॅप घालण्याआधी फोन तपासावा. पडद्याला लॉक असावे, आणि ते लॉक आणि यूपीआयचा पिन एकच नसावा. लॉक उघडण्यासाठी नातवंडांची बोटे नोंदवलेली असतील तर ती काढावीत, कारण २०२५ च्या ऑक्टोबरपासून लहान रकमा पिनऐवजी बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने मंजूर करण्याची सोय आली आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप घेण्याची परवानगी प्रत्येक अ‍ॅपपुढे वेगवेगळी दिसते. व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर आणि फाईल उघडणारी अ‍ॅप या तिघांपुढे ती बंद आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा बँकेची केवायसी अशा नावाने जी एपीके फाईल येते, ती याच वाटेने फोनमध्ये शिरते, आणि एकदा शिरली की आलेले ओटीपी दुसरीकडे पाठवू लागते. पडदा दूरवरून दाखवणारी किंवा चालवू देणारी अ‍ॅप आईच्या फोनवर मुळीच ठेवू नयेत, मुलाला दुरून मदत करायला सोयीची वाटली तरीही. पडदा दाखवून केलेली मदत आईच्या सवयीची झाली, की उद्या कुणीही “मदत” करू शकतो.

अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्यावे आणि सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या नंबरचे सिम त्याच फोनमध्ये असावे. अ‍ॅप स्वतःहून एक एसएमएस पाठवून नंबर खरा आहे ना ते तपासते. इथे पुष्कळांचे काम अडते. दोन सिम असतील तर चुकीचे सिम निवडले जाते, किंवा स्वस्तातल्या रिचार्जमध्ये बाहेर जाणारे एसएमएसच नसतात. नोंदणी पुन्हा पुन्हा फसत असेल तर अ‍ॅपला दोष देण्याआधी फोनवरून एक साधा एसएमएस जातो का ते पाहावे. मग बँक निवडायची, फक्त खर्चाचे खाते जोडायचे आणि पिन ठरवायचा.

पिन आईने स्वतः ठरवावा, स्वतः टाइप करावा, आणि त्या वेळी मुलाने मान दुसरीकडे वळवावी. अनेक घरांत पिन मुलगाच ठरवतो, “विसरलीस तर मला विचार” म्हणतो, आणि आईच्या मनात कायमचे बसते की पिन हा घरच्या माणसाला फोनवर सांगायचा असतो. पुढे कुणी “आई, मी बोलतोय, नवा नंबर आहे” म्हणत फोन केला की तो सांगितलाही जातो. पिन विसरला तर काही बिघडत नाही, कार्ड हाताशी असेल तर नवा ठरवता येतो. जन्मतारीख, लग्नाचे साल आणि घराचा क्रमांक मात्र पिनमध्ये घालू नये.

नव्या नोंदणीनंतर पहिले चोवीस तास पाच हजारांहून जास्त रक्कम जात नाही. हा दिवस सरावाला वापरावा. आधी भाचीला एक रुपया पाठवायचा. मग भाचीने एक रुपया परत पाठवायचा, आणि तो येताना आईने काहीही दाबायचे नाही, पिन टाकायचा नाही, नुसते पाहत राहायचे. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे वाक्य दहा वेळा सांगून जेवढे पटत नाही तेवढे या एका रुपयाने पटते. मग अ‍ॅपमधली शिल्लक बघायला शिकवावे, कारण “चुकून तुमच्या खात्यात पैसे आलेत, परत पाठवा” म्हणणारा माणूस आधी बँकेसारखा दिसणारा खोटा एसएमएस पाठवतो. पैसे खरेच आले की नाही हे एसएमएस सांगत नाही, शिल्लक सांगते. आणि ते खरेच आले असले तरी परत पाठवायची घाई करू नये, बँकेला कळवावे.

त्यानंतर आईबरोबर नेहमीच्या दुकानांत जावे. कोड स्कॅन केला की पडद्यावर नाव येते, आणि २०२५ च्या जूनअखेरपासून ते बँकेत नोंदलेलेच नाव असते, फोनमध्ये कुणी काही म्हणून साठवलेले नाव नसते. गंमत अशी की दुकानाची पाटी आणि हे नाव पुष्कळदा जुळत नाही. पाटीवर देवाचे नाव असते, पडद्यावर दुकानदाराच्या बायकोचे. त्यामुळे आई पहिल्यांदा गोंधळते आणि पुढे नाव वाचणेच सोडून देते. यावर एक साधा उपाय आहे. हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखावेत, एकीकडे “कोपऱ्यावरचा मेडिकलवाला”, दुसरीकडे पडद्यावर आलेले नाव. पाच-सहा दुकाने लिहून झाली की पान पुरे होते. कुणी दुकानाच्या कोडवर आपली चिठ्ठी चिकटवली असेल तर याच पानावर ते पकडले जाते. वहीत नसलेले नाव आले की पिन टाकायचा नाही, दुकानदाराला विचारायचे.

भाजी आणि रिक्षासाठी यूपीआय लाइट सोयीचे पडते. त्यात थोडे पैसे आधी भरून ठेवता येतात आणि एका वेळी हजारापर्यंतची रक्कम पिनशिवाय जाते. लाइटमध्ये पाच हजारांपर्यंत ठेवता येतात, पण आईसाठी हजार पुरे. गर्दीत भर बाजारात पिन टाकायची वेळ टळते, हा त्याचा खरा फायदा. उलट, उघडा फोन कुणाच्या हाती लागला तर तेवढे पैसे गेले असे समजावे. लाइटमधले पैसे संपल्यावर आपोआप भरण्याची सोय बंद ठेवावी.

दुसऱ्याची मंजुरी

दहा हजारांत न बसणारे खर्च येतातच. चष्मा, दाताचे काम, पाहुण्यांसाठी आणलेली साडी. त्यासाठी खात्यात जास्त पैसे ठेवण्यापेक्षा २०२४ मध्ये आलेली यूपीआय सर्कल ही सोय वापरावी. तिच्यात एक मुख्य वापरकर्ता असतो, ज्याच्या खात्यातून पैसे जातात, आणि एक दुय्यम, जो ते पैसे वापरतो. आपल्या उदाहरणात मुलगा मुख्य आणि आई दुय्यम. मुलाच्या फोनमध्ये आईचा नंबर साठवलेला असावा लागतो, तो आईचा कोड स्कॅन करतो, आणि आई तिच्या फोनवर होकार देते. एका मुख्य वापरकर्त्याला पाच जण जोडता येतात, पण दुय्यम माणसाला एकाच्याच वर्तुळात राहता येते. म्हणून मुलगा की मुलगी, हे आधी ठरवून घ्यावे.

यात दोन प्रकार आहेत आणि त्यांत मोठा फरक आहे. पूर्ण मुभेत मुलगा महिन्याची एक रक्कम ठरवून देतो, आणि त्या रकमेपर्यंत आई त्याला न विचारता खर्च करते. याची कमाल मर्यादा महिन्याला पंधरा हजार आणि एका वेळी पाच हजार. अर्धवट मुभेत आई कोड स्कॅन करून रक्कम भरते, पण पैसे जातात ते मुलाने आपल्या फोनवर आपला पिन टाकल्यावरच. चष्म्याच्या दुकानात आई रक्कम भरते, पुण्यात मुलाच्या फोनवर दुकानाचे नाव आणि रक्कम दिसते, तो पाहतो आणि मंजूर करतो. मुलगा बैठकीत असला किंवा झोपलेला असला तर व्यवहार अडतो, हा त्याचा तोटा. पण रात्री अकरा वाजता अनोळखी नावाला चाळीस हजार जायला निघाले असतील, तर तेही तिथेच अडतात.

पैसे मुलाच्या खात्यातून जातात हे काही आयांना पटत नाही, आणि त्यात गैर काही नाही. आयुष्यभर स्वतःच्या पगारावर घर चालवलेल्या बाईला पंचाहत्तरीत पोराकडून पैसे मागितल्यासारखे वाटते. तेव्हा महिनाअखेरीस आईने तेवढी रक्कम मुलाच्या खात्यात धनादेशाने भरावी. हिशेब सरळ राहतो आणि मानही राहतो.

ज्यांची स्मृती उणावत चालली आहे, एकच बिल जे दोनदा भरतात, त्यांच्यासाठी वेगळे खाते आणि पिन हा मार्ग सुरक्षित राहत नाही. तिथे आईच्या अ‍ॅपला कोणतेच खाते जोडू नये. फक्त सर्कलमधली पूर्ण मुभा द्यावी, महिन्याला तीन-चार हजारांची. पिनच नसल्यामुळे तो विसरण्याचा किंवा कुणाला सांगितला जाण्याचा प्रश्न येत नाही, आणि दुकानात जाऊन स्वतः बिस्किटाचा पुडा घेण्याची मोकळीक राहते. मंजुरी देणाऱ्याने मात्र हे लक्षात ठेवावे की खर्च त्याच्या खात्यातून होतो आणि त्याची जबाबदारी त्याच्याकडेच आहे.

विश्वासाची दोन माणसे

बँकेच्या अर्जात विश्वासाच्या माणसासाठी रकाना नसतो. ती व्यवस्था घरानेच उभी करायची असते. माणसे दोन असावीत, एक जवळचे आणि एक लांबचे, आणि दोघांची कामे वेगळी असावीत. जवळचे माणूस, इथे भाची, हे विचारण्यासाठी: वहीत नसलेल्या कुणालाही दोन हजारांहून जास्त द्यायचे असले की आधी तिला फोन करायचा, आणि तो आपल्या हाताने, साठवलेल्या नंबरावरून करायचा. लांबचे माणूस, म्हणजे मुलगा, सर्कलची मंजुरी आणि ईमेलच्या सूचना यांसाठी. पिन दोघांपैकी कुणालाही माहीत नसावा. विश्वास असूनही तसे ठेवावे, कारण मग काही चुकले तर घरातल्याच कुणावर संशय जात नाही. आणि मुलेच आईच्या पैशांवर दबाव आणत असतील, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा एल्डर लाइनचा नंबर आहे.

आईच्या फोनमध्ये तीन नंबर वर दिसतील असे साठवावेत: दोन्ही बँकांचे पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेले नंबर, आणि “पैसे गेले तर” या नावाने १९३०. हेच नंबर कागदावर लिहून भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी लावावेत, कारण नंबर हवा असेल तेव्हा फोन कदाचित बंद ठेवावा लागेल. बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधू नये. तिथे वर दिसणारा नंबर बँकेचा असेलच असे नाही.

आता त्याच शिक्षिकेकडे संध्याकाळी सात वाजता फोन येतो असे समजू. महावितरणमधून बोलतोय, मागच्या महिन्याचे बिल नोंदले गेलेले नाही, साडेनऊला वीज तोडणार, दहा रुपये भरून नोंद करून घ्या. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल येते. फाईल उघडत नाही, कारण परवानगी बंद आहे. पलीकडचा माणूस ती परवानगी चालू करायला सांगतो आणि आई घाबरून करते. फाईल बसते, त्यातल्या पडद्यावर पिन मागितला जातो, आई तो टाकते. दोन मिनिटांत खर्चाच्या खात्यातले सहा हजार दोनशे जातात. मग “दुसरे खाते जोडा, परतावा तिकडे येईल” असा आग्रह सुरू होतो. पेन्शनच्या खात्यावर यूपीआय बंद आहे, म्हणून ते जोडले जात नाही. नऊ लाख जागेवर राहतात. भिंत अशी एकेक पडत गेली तरी शेवटची उभी राहिली, कारण ती आईच्या हातात नव्हती.

यापुढचा अर्धा तास महत्त्वाचा. फोनचे इंटरनेट बंद करून विमानाचे चिन्ह दाबायचे, म्हणजे बसलेली फाईल काही पाठवू शकत नाही. मग शेजारच्या किंवा भाचीच्या फोनवरून १९३० ला फोन करायचा आणि खर्चाच्या बँकेला यूपीआय आणि कार्ड बंद करायला सांगायचे. १९३० वर विचारतात: कोणत्या बँकेतून, किती, किती वाजता, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. हा क्रमांक अ‍ॅपच्या इतिहासात आणि अनेकदा बँकेच्या एसएमएसमध्ये असतो, तो वहीत उतरवून घ्यावा. ही माहिती लगेच पुढच्या बँकेकडे जाते आणि पैसे अजून तिथेच असतील तर ते गोठवले जातात. फसवणारे पैसे खात्याखात्यांतून पुढे ढकलत राहतात, म्हणून मिनिटांचा फरक पडतो. नंतर cybercrime.gov.in वर तक्रार पुरी करावी आणि बँकेकडून तक्रारीचा क्रमांक लेखी घ्यावा.

पैसे परत मिळण्याबाबत घराने खोटी आशा धरू नये. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसरीकडची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकाला काही सोसावे लागत नाही. पण पिन ग्राहकानेच टाकला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे धरले जाते, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे सात वाजून दहा मिनिटांनी कळवले की सकाळी, यावर रक्कम ठरू शकते. आणि आई गप्प बसली, लाजली, मुलगा रागावेल म्हणून दोन दिवस बोलली नाही, तर सगळेच हातचे जाते. म्हणून “तुला सांगितले होते ना” हे वाक्य त्या संध्याकाळी कुणीही उच्चारू नये. पुढच्या वेळी आईने पहिला फोन घरी करावा असे वाटत असेल, तर या वेळी तो करताना तिला भीती वाटता कामा नये. फोनमधली फाईल काढून झाली, किंवा फोन पूर्ण पुसून पुन्हा घातला, की नवा पिन ठरवावा.

मोठ्या रकमांच्या फसवणुकीत यूपीआय पुष्कळदा येतच नाही, हेही सांगून ठेवायला हवे. पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर “डिजिटल अटक” झाल्याचे सांगणारे लोक वृद्धांना शाखेत पाठवून ठेवी मोडायला लावतात आणि आरटीजीएसने पैसे वळवून घेतात. अशी अटक कायद्यात नाही. अ‍ॅपवरची कोणतीही मर्यादा तिथे उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती भाचीला फोन करण्याची सवय, आणि फोनवरचा माणूस नेमकी तीच बंद करायला सांगतो: घरात कुणाला कळवायचे नाही. हे वाक्य कानावर पडले की फोन ठेवायचा, इतके आईबरोबर बोलून ठरवून ठेवावे.

ही व्यवस्था वर्षातून एकदा तपासावी. अ‍ॅपमध्ये ऑटोपे या नावाखाली दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांची यादी असते. नको ती मनोरंजनाची वर्गणी तिथून काढून टाकावी. नवा फोन घेतला तर जुन्यावरून अ‍ॅपमधून बाहेर पडून तो पूर्ण पुसावा. आईने नंबर बदलला तर आधी दोन्ही बँकांत नवा नंबर नोंदवून मगच जुने सिम सोडावे, कारण बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते, आणि बँकेचे संदेश त्याच्याकडे जाऊ लागतात. आई गेल्यावर तिचा पिन माहीत असला तरी अ‍ॅपवरून पैसे काढू नयेत. बँकेला मृत्यूचा दाखला द्यावा, खर्चाच्या खात्यात येणारी महिन्याची रक्कम थांबवायला पेन्शनच्या बँकेत कळवावे, आणि खात्यातले पैसे नामनिर्देशित व्यक्तीने किंवा हयात असलेल्या संयुक्त खातेदाराने शाखेत अर्ज करून घ्यावेत. फोनचे सिम हे काम पुरे होईपर्यंत चालू ठेवावे.